सहज निघालेली गाठ: मांडीच्या सार्कोमाचं एक प्रकरण

रुग्णाचं वय ४४. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर काम, बारा तासांची पाळी आणि सगळं काम उभ्यानं. पत्नी घरी विड्या वळते. ते माझ्याकडे आले तेव्हा उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर, सहा सेंटिमीटरची आडवी जखम नुकती भरली होती. सोबत थोरला भाऊ होता आणि हातात पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: हाय ग्रेड सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा वेगानं वाढणारा कर्करोग, आणि कडांपर्यंत गाठीच्या पेशी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय बाजू मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

गाठ त्यांना सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदा हाताला लागली होती. दुखत नव्हती, ताप नव्हता, वजन उतरलं नव्हतं. "दुखत असती तर लगेच दाखवलो असतो की डॉक्टर," असं ते म्हणाले. हाता-पायातला सार्कोमा असाच न दुखता वाढतो. तो स्नायूंच्या मध्ये जागा करून घेतो, आणि मांडीत जागा भरपूर असते. नसेवर किंवा हाडावर दाब येईपर्यंत शरीर तक्रार करत नाही. 'दुखत नाही म्हणजे साधी गाठ' हा समज घरोघरी आहे, दवाखान्यातही आहे. या आजारात तो हमखास फसवतो. सात महिन्यांत गाठ वाढत गेली, पँट मांडीवर घट्ट होऊ लागली, तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले.

तिथे सोनोग्राफी झाली होती. तो कागद त्यांनी जपून ठेवला होता. त्यातला मजकूर असा: मांडीच्या स्नायूच्या आत ५.६ × ४.१ सेंमीची गाठ, आतून एकसारखी नाही, डॉप्लरवर आत रक्तप्रवाह दिसतो; स्नायूतला लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ, असण्याची शक्यता. शेवटचं वाक्य सगळ्यांनी वाचलं. त्याआधीच्या ओळी मात्र त्या वाक्याच्या विरोधात साक्ष देत होत्या. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, स्नायूंवरच्या जाड आवरणाच्या खाली असलेली आणि वाढत जाणारी गाठ ही दुसरं काही सिद्ध होईपर्यंत सार्कोमा समजायची, हा या विषयातला सर्वात उपयोगी नियम आहे. या गाठीत तिन्ही गोष्टी होत्या, शिवाय आतला रक्तप्रवाह.

मऊ ऊतींच्या साध्या गाठी सार्कोमापेक्षा साधारण शंभरपट जास्त असतात. सामान्य सर्जन वर्षानुवर्षं लायपोमा काढत असतो आणि त्याला सार्कोमा क्वचितच भेटतो. म्हणून प्रत्येक गाठीचा एमआरआय करा, असं कुणी म्हणणार नाही. खोली ओळखायला हातही पुरतो. रुग्णाला झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय उचलायला सांगायचं. मांडीचा पुढचा स्नायू ताठ झाल्यावर गाठ आणखी ठसठशीत दिसली आणि तशीच हलत राहिली, तर ती स्नायूच्या वर, चरबीत आहे. ताठ स्नायूत ती दबली किंवा हलेनाशी झाली, तर ती आत आहे. या गृहस्थांची गाठ काढण्याआधी ही तपासणी झाली होती की नाही, याची नोंद कागदावर नव्हती.

डिस्चार्ज कार्डवर शस्त्रक्रियेबद्दल एकच ओळ होती: उजव्या मांडीतला लायपोमा काढला. माझ्यासाठी ती ओळ निरुपयोगी होती, म्हणून मी त्या सर्जनना फोन केला. त्यांनी मोकळेपणानं सगळं सांगितलं, आणि पुढची सगळी आखणी त्या बोलण्यावर उभी राहिली. कमरेत इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया झाली. त्वचेच्या रेषा पाहून छेद आडवा घेतला. आतल्या स्नायूचे, म्हणजे व्हॅस्टस मीडियालिसचे, तंतू बाजूला केले तेव्हा करड्या-पांढऱ्या आवरणाची गाठ दिसली. बोटानं भोवतीनं सोडवली, सहज निघाली. खालच्या अंगाला थोडी फाटली. त्या जागेतून रक्त झिरपत राहिलं, म्हणून मांडीच्या बाहेरच्या बाजूला, जखमेपासून सात-आठ सेंटिमीटरवर वेगळं छिद्र पाडून ड्रेन ठेवला. गाठ लायपोमासारखी दिसली नाही म्हणून ती पूर्ण तपासणीला पाठवली. ती बादलीत गेली असती, तर हे गृहस्थ वर्षभरानं पुन्हा वाढलेली गाठ आणि कदाचित फुफ्फुसातले डाग घेऊन आले असते. रिपोर्ट येताच त्यांनी रुग्णाला बोलावून स्पष्ट सांगितलं, हेही महत्त्वाचं.

'सहज निघाली' हे शब्द नवख्या सर्जनला समाधान देतात. सार्कोमात तेच धोक्याचे असतात. गाठ वाढताना भोवतीचा स्नायू दाबत जाते. दाबलेल्या ऊतींचा आणि गाठीच्या बाहेरच्या पेशींचा मिळून एक थर बनतो, तो आवरणासारखा दिसतो. पण ते खरं आवरण नसतं. त्यात गाठीच्याच पेशी असतात, आणि त्याच्या पलीकडच्या सुजलेल्या पट्ट्यातही त्या विखुरलेल्या असतात. बोट सहज फिरतं ते नेमकं याच थरातून, म्हणून गाठ सुबक गोल बाहेर येते आणि तिची बाहेरची सीमा रुग्णातच राहते. अशा प्रकारे काढलेल्या गाठींची जागा नंतर पुन्हा काढून तपासली, तर साधारण निम्म्या रुग्णांत शिल्लक गाठ सापडते. वेगवेगळ्या केंद्रांच्या आकड्यांत फरक आहे, पण कुठल्याच अनुभवी केंद्रात हे प्रमाण दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही.

थोरले भाऊ मोहोळकडे शेती करतात. त्यांचा प्रश्न सरळ होता. "गाठ तर काढली, आता परत कशाला कापायचं?" मी त्यांना हरळीचं उदाहरण दिलं. वरचं गवत ओढलं की हातात येतं, रान साफ दिसतं, पण काशी मातीत राहतात. त्यांनी मान हलवली. "आणि नांगर फिरवला की त्या साऱ्या रानात पसरतात," असं तेच पुढे म्हणाले. त्यांच्या भावाच्या मांडीत नेमकं काय झालं असावं, ते त्यांनी माझ्यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगितलं होतं.

अनियोजित शस्त्रक्रियेची मूळ अडचण हीच आहे. गाठ जागेवर असते तेव्हा ती एक वस्तू असते: तिला सीमा असते, मोजमाप असतं, तिच्यापासून किती दूर राहून कापायचं हे ठरवता येतं. गाठ निघून गेली की ते लक्ष्यच नाहीसं होतं. मग पहिल्या शस्त्रक्रियेत चाकू, बोट, रक्त आणि ड्रेन जिथे जिथे पोचले ती सगळी जागा दूषित धरावी लागते. इथे आडवी जखम, तिच्याखालचा मार्ग, स्नायूतली पोकळी, रक्त साचून पसरलेला भाग, तिथून बाहेरच्या बाजूला गेलेली ड्रेनची वाट आणि तिचं छिद्र, हे सगळं एकत्र आलं. ५.६ सेंटिमीटरच्या गाठीसाठी आता मांडीचा अर्धा घेर विचारात घ्यावा लागणार होता.

एमआरआयच्या आधी एक काम होतं, आणि ते नातेवाईकांना नेहमी अनावश्यक वाटतं: मूळ स्लाइड आणि मेणातले ब्लॉक मिळवणं. रिपोर्टचा कागद पुरत नाही. सार्कोमाचे पन्नासहून अधिक प्रकार आहेत, आणि रोज ते न पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला प्रकार व ग्रेड नेमकी सांगणं अवघड जातं. ग्रेड तीन गोष्टींवर ठरते: पेशी मूळ ऊतीसारख्या किती राहिल्या आहेत, विभाजन किती चाललं आहे आणि गाठीचा किती भाग मेलेला आहे. ब्लॉक असले तर नवे काप घेऊन विशेष रंग लावता येतात. धाकटा भाऊ ब्लॉकची डबी घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रीतून मुंबईला गेला. तिथला निर्णय आला: अनडिफरन्शिएटेड प्लिओमॉर्फिक सार्कोमा, म्हणजे पेशी कुठल्याच मूळ ऊतीसारख्या न राहिलेला प्रकार, ग्रेड ३. स्लाइडवरून निदान पक्कं झालं, त्यामुळे पुन्हा सुई घालण्याची गरज उरली नाही.

छातीचा सीटी स्कॅन स्वच्छ आला. हाता-पायाचा सार्कोमा पसरला तर बहुधा रक्तातून फुफ्फुसात जातो. जांघेतल्या लसीका ग्रंथींपर्यंत तो क्वचित पोचतो, आणि तेही काही ठरावीक प्रकारांत. म्हणून इथे ग्रंथी हातानं तपासल्या, काढल्या नाहीत.

एमआरआय पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्याच्या शेवटी केला. फार लवकर केला तर सूज आणि ताजं रक्त सगळं चित्र झाकून टाकतं. फार थांबलो तर हाय ग्रेड गाठ थांबत नाही. तंत्रज्ञांशी मी आधी बोलून घेतलं होतं. जखमेच्या दोन्ही टोकांना आणि ड्रेनच्या छिद्रावर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चिकटवल्या. चरबीमुळे त्या चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, आणि आतली प्रत्येक गोष्ट त्वचेवरच्या कुठल्या जागेखाली आहे हे कळतं. किडनीची तपासणी पाहून गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारं औषध शिरेतून दिलं. फक्त जखमेपुरती नव्हे, तर मांडीच्या वरपासून गुडघ्याच्या खालपर्यंतची चित्रं घेतली, कारण स्नायू ज्या कप्प्यात आहे त्या पूर्ण कप्प्याचा अंदाज हवा होता.

अशा चित्राचं वाचन अवघड असतं. शिल्लक गाठ, भरत येणारी जखम, साचलेला द्रव आणि सूज हे सगळं टी२ चित्रावर, म्हणजे एमआरआयच्या पाणी उजळ दाखवणाऱ्या चित्रावर, पांढरंच दिसतं. या रुग्णात व्हॅस्टस मीडियालिसमध्ये नऊ सेंटिमीटर लांबीचा पट्टा पांढरा होता. पण तो पिसाऱ्यासारखा स्नायूच्या तंतूंच्या कडेनं पसरलेला होता, त्याला वस्तुमान नव्हतं. ही सूज. मधोमध चार सेंटिमीटरची द्रवाची पोकळी होती. औषध दिल्यावर तिची फक्त कड बारीक आणि सारखी उजळली. हे जखमेनंतर अपेक्षितच असतं. खटकली ती पोकळीची खोल भिंत. तिथे १.४ सेंटिमीटरचा उंचवटा होता: चरबी उजळ दाखवणाऱ्या टी१ चित्रावर स्नायूइतकाच करडा, टी२ वर पांढरा, आणि गॅडोलिनियमनंतर सगळाच्या सगळा उजळणारा. औषधाच्या आधीची आणि नंतरची चित्रं एकातून एक वजा करून पाहिली तेव्हा तो स्पष्ट उठून दिसला. रक्ताची गुठळी टी१ वर आधीच पांढरी असू शकते आणि फसवते; वजाबाकीच्या चित्रात तसा धोका राहत नाही. हा उंचवटा म्हणजे शिल्लक गाठ, असं रेडिऑलॉजिस्टनं लिहिलं. ड्रेनच्या वाटेवरही त्वचेखाली एक बारीक उजळ रेघ होती. ती व्रणाची असू शकते, गाठीची असू शकते. एमआरआय ते सांगू शकत नाही, म्हणून ती काढण्याच्या यादीत गेली.

उलट बाजूही लक्षात ठेवावी लागते. एमआरआयमध्ये उंचवटा दिसलाच नसता, तरी शस्त्रक्रिया टळली नसती. काही पेशींचे पुंजके कुठल्याही स्कॅनवर दिसत नाहीत. 'एमआरआय नॉर्मल आला, आता लक्ष ठेवू' हा सल्ला अशा रुग्णांना अनेकदा मिळतो आणि त्यात मोलाचे महिने जातात.

मग चित्रावरून पाय वाचवण्याचा प्रश्न. मांडीचं हाड, त्यावरचं आवरण आणि आतला मगज नॉर्मल होते. खरी चिंता मांडीच्या मुख्य धमनीची होती, कारण त्या पातळीवर ती व्हॅस्टस मीडियालिसच्या मागच्या कडेला लागून एका अरुंद नळीसारख्या जागेतून जाते. उंचवटा धमनीला टेकला होता, पण तिच्या घेराच्या चौथ्या भागापुरताच, आणि मध्ये चरबीची पातळ रेघ बऱ्याच ठिकाणी टिकून होती. गाठ वाहिनीच्या निम्म्याहून जास्त घेराला वेढून बसली, तर ती वाहिनी काढून तिथे दुसरी शीर किंवा कृत्रिम नळी जोडण्याची तयारी ठेवावी लागते. इथे वाहिनी वाचेल असं दिसत होतं. सायटिक नस मागच्या कप्प्यात, बरीच दूर होती.

हाच एमआरआय पहिल्या छेदाच्या आधी झाला असता, तर चित्रात स्नायूच्या आत नीट सीमा असलेली एक गाठ दिसली असती. तिचा रंग चरबीसारखा नाही हे एका नजरेत कळलं असतं, कारण लायपोमा चरबी दाबणाऱ्या चित्रात त्वचेखालच्या चरबीबरोबरच काळा पडतो. मग बायोप्सी झाली असती, तीही जाड सुईची. बारीक सुईनं काढलेल्या सुट्या पेशींवरून सार्कोमाचा प्रकार आणि ग्रेड सहसा ठरत नाही. त्यासाठी १४ किंवा १६ गेजच्या सुईनं पाच-सहा अखंड तुकडे लागतात. सुई पुढच्या छेदाच्या रेषेवर, मांडीच्या लांबीच्या दिशेनं, एकाच स्नायूतून आणि धमनीपासून दूर नेली असती. नंतर सुईची वाट गाठीबरोबर त्वचेच्या अरुंद उभ्या पट्टीत निघून गेली असती, आणि बहुधा जखम जागच्या जागी शिवता आली असती. आडव्या छेदामुळे ते शक्य राहिलं नाही. आडवा व्रण भोवतीच्या सुरक्षित पट्ट्यासकट काढायचा आणि शस्त्रक्रिया मात्र उभ्या दिशेनं करायची, तर त्वचेचा मोठा, रुंद तुकडा जातो. त्यात बाहेरच्या बाजूचं ड्रेनचं छिद्र. ड्रेन जखमेच्या टोकाशीच, तिच्याच रेषेत काढला असता, तर निदान तेवढी त्वचा वाचली असती.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, तीन प्रश्न होते. पहिला रुग्णाचाच होता आणि त्यांनी तो दारातच विचारला होता: पाय ठेवता येईल का? या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्रानं फार आधी शोधलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं ४३ रुग्णांची एक चाचणी केली, ती १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. २७ जणांत पाय किंवा हात वाचवून गाठ काढली आणि रेडिएशन दिलं, १६ जणांत अवयव कापला. अवयव वाचवलेल्यांत चार जणांना गाठ तिथेच परत आली, कापलेल्यांत कुणालाही नाही. पण पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८३ टक्के आणि दुसऱ्यात ८८ टक्के होतं, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक उरला नाही. पाय कापून गाठ परत येण्याचा धोका कमी होतो, पण फुफ्फुसात आधीच पोचलेल्या पेशी त्यानं नाहीशा होत नाहीत. आज पाय कापावा लागतो तो बहुतेक वेळा गाठ सुरक्षित पट्ट्यासह काढल्यावर जे उरेल ते चालण्याच्या उपयोगाचं नसेल तेव्हाच: वाहिन्या, मुख्य नसा, हाड आणि त्वचा एकदम गुंतलेली असतील, किंवा सडलेली गाठ आवरतच नसेल. इथे तसं काही नव्हतं.

दुसरा प्रश्न रेडिएशनचा: आधी की नंतर? ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. आधी दिलं तर एकूण ५० ग्रे, २५ वेळा, पाच आठवडे. नंतर दिलं तर ६० ते ६६ ग्रे आणि तेही मोठ्या क्षेत्राला, कारण शस्त्रक्रियेनं उघडलेलं सगळं त्यात घ्यावं लागतं. कॅनडातल्या चाचणीत, जी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, आधी रेडिएशन घेतलेल्यांत जखमेचा त्रास ३५ टक्के जणांना झाला आणि नंतर घेतलेल्यांत १७ टक्के जणांना. पण नंतर घेतलेल्यांत पुढे कायमचा कडकपणा जास्त राहिला. जखम आज ना उद्या भरते. आखडलेला गुडघा मात्र जन्मभर तसाच राहतो, आणि यंत्रमागावर उभं राहणाऱ्या माणसासाठी ते फार मोठं आहे. त्यात शिल्लक गाठ धमनीला टेकलेली. तिथे दोन सेंटिमीटरचा पट्टा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून कापण्याआधी त्या पेशी मारून ठेवणं योग्य वाटलं. आधी रेडिएशन, असं ठरलं.

तिसरा प्रश्न केमोथेरपीचा. डॉक्सोरुबिसिन आणि इफोस्फॅमाइड या जोडीचा फायदा मोठ्या, खोल, हाय ग्रेड गाठींत काही प्रमाणात असू शकतो, पण पुरावा एकमुखी नाही. गाठ पाच सेंटिमीटरच्या जेमतेम वर होती. बाजू-विरोध दोन्ही रुग्णासमोर मांडून ती न देण्याचं ठरलं. दुसऱ्या बोर्डानं दिली असती, तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

रेडिएशन जिल्ह्यातच झालं. आखणी करणाऱ्या डॉक्टरांना मूळ गाठीचा एमआरआय नव्हताच, म्हणून सोनोग्राफीचा कागद, सर्जनचं सांगणं आणि नवं स्कॅन एकत्र ठेवून पोकळीचा मूळ आकार पुन्हा रेखाटावा लागला. जखम आणि ड्रेनचं छिद्र दोन्ही क्षेत्रात घेतलं. मांडीच्या पूर्ण घेराला किरण लागू दिले नाहीत. लांबीच्या दिशेनं त्वचेची एक पट्टी मुद्दाम मोकळी सोडली, नाहीतर लसीका प्रवाह अडून खालचा पाय कायमचा सुजतो. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. पाळी बंद म्हणजे पगार बंद. त्या काळात घर पत्नीच्या विड्यांवर चाललं. उपचारांचा मोठा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून निघाला, पण बुडालेला रोज कुठल्या योजनेत बसत नाही.

रेडिएशन संपल्यावर पाच आठवड्यांनी, त्वचा निवळल्यावर, पुन्हा एमआरआय आणि छातीचा सीटी केला. उंचवटा तेवढाच होता, पण आता तो पूर्वीसारखा उजळत नव्हता. नवं काही नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी प्लास्टिक सर्जन आणि मी दोघांनी मिळून मांडीवर रेषा आखल्या. आडवा व्रण आणि ड्रेनचं छिद्र एकाच तुकड्यात घेणारा मोठा लंबगोल, त्याच्या वर आणि खाली उभा छेद. शस्त्रक्रियेत जुन्या पोकळीत शिरायचं नाही, ती दिसूही द्यायची नाही, सगळं निरोगी ऊतीतूनच कापायचं, हा नियम. पोकळी फुटली तर पहिली चूक दुसऱ्यांदा झाली असं समजायचं. त्वचा, चरबी, खालचं आवरण, व्हॅस्टस मीडियालिसचा बराच भाग आणि सार्टोरियस या शेजारच्या स्नायूचा एक तुकडा एकसंध निघाला. धमनीपाशी सुरक्षित पट्टा सेंटिमीटरमध्ये मिळत नाही. तिथे धमनीचं बाहेरचं आवरणच पट्ट्याचं काम करतं. निरोगी भागात वर आणि खाली धमनी आधी उघडी केली, तिच्याभोवती फीत घातली आणि मग मधला भाग तिच्या आवरणासकट सोलून काढला. चांगल्या ऊतीचा असा मिलिमीटरभर थर साध्या चरबीच्या दोन सेंटिमीटरइतका विश्वासू असतो, कारण सार्कोमा अशा पडद्यातून सहजी आरपार जात नाही. नसेच्या बाबतीत तिच्या बाहेरच्या वेष्टनाचा आणि हाडाच्या बाबतीत त्यावरच्या आवरणाचा असाच उपयोग करतात. सॅफेनस नस गाठीच्या जागेतूनच जात होती, ती गेली. पोटरीची आतली बाजू बधिर होईल हे आधी सांगून ठेवलं होतं. मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी तीन शाबूत राहिले, त्यामुळे गुडघा सरळ करण्याची ताकद टिकणार होती.

उरलेल्या जागेच्या कडांवर धातूच्या क्लिप लावल्या. काढलेल्या तुकड्याला वर, आत आणि खोल अशी दोऱ्याची खूण करून तो पॅथॉलॉजीला स्वतः दाखवला. त्वचेची उणीव १५ × ११ सेंटिमीटरची. डाव्या मांडीतून त्वचा आणि चरबीचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट आणून, सूक्ष्मदर्शकाखाली जोडून ती भरली. रेडिएशन मिळालेली त्वचा ताणून शिवली असती तर ती काळी पडली असती. ड्रेन या वेळी जखमेच्या खालच्या टोकाशी, रेषेतच बाहेर काढला.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये १.१ सेंटिमीटरची शिल्लक गाठ मिळाली, तिचा बहुतांश भाग मेलेला, पण कडेला जिवंत पेशी होत्या. धमनीच्या बाजूला सर्वात जवळची कड ३ मिलिमीटरवर, आणि त्यात धमनीचं आवरण अखंड. बाकी सगळीकडे दीड सेंटिमीटरच्या वर. ड्रेनच्या वाटेत फक्त व्रण निघाला, गाठ नाही. ती त्वचा मग उगीच गेली का, असं भावानं विचारलं. उत्तर 'होय' आहे, पण ते कापून पाहिल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता.

डाव्या मांडीतून आणलेला तुकडा, म्हणजे फ्लॅप, टिकला. त्याच्या खालच्या कडेला मात्र जखम उघडली आणि दीड महिना ड्रेसिंग चालू राहिलं. आधी रेडिएशन निवडताना हा धोका पत्करलेलाच होता. गुडघ्याचे व्यायाम त्यामुळे उशिरा सुरू झाले. वर्षभरानंतर गुडघा ११० अंशांपर्यंत वाकतो, पूर्ण सरळ होतो. सपाट रस्त्यावर ते काठीशिवाय चालतात, जिना कठड्याला धरून चढतात. मांडी घालून बसणं किंवा उकिडवं बसणं जमत नाही. मालकानं त्यांना मागावरून काढून कांडी मशीनवर बसून करायचं काम दिलं. पगार थोडा उतरला, पण काम आहे.

आता तपासणी पहिली तीन वर्षं दर तीन ते चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा. दर भेटीत फ्लॅपच्या कडा, खोल भाग आणि जांघ हातानं तपासतो आणि छातीचं चित्र पाहतो. नवा कडकपणा लागला किंवा हाताला शंका आली तर एमआरआय, जुन्या चित्रांच्या शेजारी ठेवून. परवाच्या भेटीत छातीचा सीटी स्वच्छ होता. पत्नीनं फ्लॅपच्या वरच्या टोकाला एक कडक जागा दाखवली. ती क्लिपच्या वरच्या व्रणाची निघाली. तरी सोनोग्राफी करून घेतली आणि तिचं माप फाइलमध्ये लिहून ठेवलं, म्हणजे पुढच्या भेटीत ती वाढली की नाही हे मोजता येईल.